टीव्हीचा पडदा बंद, आवाज चालू: पहाटेच्या आकाशवाणीसाठी केलेली मांडणी

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतरचे काही आठवडे तिला टीव्हीचा उजेड नकोसा झाला. पण पहाटे उठून आकाशवाणी ऐकायची तिची सवय पन्नास वर्षांची. घरातला जुना रेडिओ होता, तो मध्यम लहरींवर नुसता खरखरायचा. यात दोष रेडिओचा नव्हता. हल्ली घरोघरी लागलेले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर यांच्या आतली सर्किटं जी विद्युत खरखर बाहेर टाकतात, ती नेमकी मध्यम लहरींच्या पट्ट्यात ऐकू येते. टीव्हीला मात्र डीडी फ्री डिशचा बॉक्स जोडलेला होता आणि त्यावर आकाशवाणीच्या वाहिन्या स्वच्छ येत होत्या. अडचण एवढीच, की त्या ऐकायच्या तर समोर त्रेचाळीस इंची पडदा ढणढणा उजळलेला. तो पडदा तेवढा बंद करून आवाज चालू ठेवायचा, हे मला शोधून काढावं लागलं. ते कसं केलं, कुठे अडलो आणि ज्यांच्या टीव्हीत ही सोयच नाही त्यांनी काय करावं, हे खाली लिहितो.

पडदा बंद म्हणजे नेमकं काय बंद

साध्या एलईडी टीव्हीत चित्र दाखवणारी काच स्वतः उजेड देत नाही. तिच्या मागे किंवा कडेला एलईडींच्या पट्ट्या असतात, त्यांना बॅकलाइट म्हणतात. काच फक्त तो उजेड कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा हे ठरवते. म्हणूनच पडद्यावर पूर्ण काळं चित्र असलं, तरी अंधाऱ्या खोलीत तो मंद राखाडी चमकताना दिसतो, कारण मागच्या पट्ट्या चालूच असतात. पडदा बंद करण्याची खरी सोय या पट्ट्यांचा वीजपुरवठाच तोडते. ट्यूनर, मुख्य बोर्ड, आवाजाचा भाग, वायफाय, बॉक्सकडून येणारी एचडीएमआयची जोडणी हे सगळं आधीसारखंच चालू राहतं.

यातून एक गोष्ट निघते आणि ती लक्षात ठेवली तर पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं. पडदा बंद आहे हे टीव्हीवर चाललेल्या अ‍ॅपला किंवा बॉक्सला कळतच नाही. फोनचा पडदा बंद केला की यूट्यूबचं गाणं थांबतं, कारण फोन त्या अ‍ॅपला तसं कळवतो. टीव्हीत पडदा बंद केला तरी गाणं चालू राहतं, जाहिराती वाजतात आणि चित्राचा डेटाही पूर्ण खर्च होत राहतो.

ओएलईडी टीव्हीत बॅकलाइट नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तिथे काळं म्हणजे खरोखर बंद. तरीही रेडिओ ऐकताना तिथे ही सोय वापराच. रेडिओच्या वाहिनीवर तासन्‌तास एकच नाव किंवा एकच स्थिर चित्र दिसत असतं आणि अशा न हलणाऱ्या चित्राचा डाग ओएलईडीवर कायमचा उमटू शकतो.

बटण कुठे सापडतं

प्रत्येक कंपनीने ही सोय वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे, नावंही वेगळी दिली आहेत. मॉडेल आणि साल बदललं की एखादी पायरी मागेपुढे होते, म्हणून मार्ग पाठ करण्यापेक्षा शेवटचा शब्द लक्षात ठेवा आणि तो शोधा.

सॅमसंगच्या अलीकडच्या टीव्हींमध्ये ही सोय चित्राच्या मेनूत शोधली तर सापडत नाही. दृष्टी अधू असलेल्यांच्या सोयींमध्ये ती ठेवलेली आहे: Settings → All Settings → General & Privacy → Accessibility → Picture Off. दरवेळी इतकं खोल जाण्याची गरज नाही. रिमोटवरचं आवाजाचं बटण क्षणभर दाबून धरलं की Accessibility Shortcuts नावाची छोटी यादी उघडते, ती आधी तपासा. अगदी जुन्या सॅमसंगवर हाच पर्याय Picture या मेनूत असायचा.

एलजीवर शब्द आहे Screen Off. बऱ्याच मॉडेलांत तो Energy Saving च्या पोटात असतो. जुन्या टीव्हीत Picture → Energy Saving, नव्यात General → Energy Saving आणि ओएलईडी असेल तर OLED Care च्या आत. Energy Saving उघडल्यावर आधी Minimum, Medium, Maximum असे पर्याय दिसतात. ते फक्त उजेड कमी करतात. आपल्याला हवा तो त्याच यादीत किंवा तिच्या खाली असलेला Screen Off.

सोनीवर Picture off हा शब्द शोधा. तो सेटिंग्जमधल्या Power किंवा Power & Energy या विभागात असतो. सोनीच्या नव्या रिमोटवर दातेरी चाकाचं चिन्ह असलेलं बटण असतं. ते दाबल्यावर पडद्यावर जी पट्टी येते, तिच्यात हा पर्याय आणून ठेवता येतो. रोज वापरणार असाल तर पाच मिनिटं घालवून तो तिथे आणाच.

इतर कंपन्यांच्या अँड्रॉइड टीव्हींवर Audio Only, Screen Off किंवा Picture Off यांपैकी काहीतरी नाव असू शकतं आणि ते आवाजाच्या, चित्राच्या किंवा विजेच्या मेनूत असतं. तिन्ही मेनू उघडून बघा. मात्र Turn off display after किंवा Energy Saver असं दिसलं तर थांबा. ती वेगळी गोष्ट आहे. काही वेळ रिमोट वापरला नाही की टीव्ही झोपी जाण्याची ती वेळ असते आणि टीव्ही झोपला की आवाजही जातो.

परत चित्र आणण्यासाठी आवाजाची बटणं आणि पॉवर सोडून दुसरं कोणतंही बटण दाबायचं, असा बहुतेक ठिकाणी नियम आहे. म्हणजे पडदा बंद ठेवून आवाज कमी-जास्त करता येतो. चित्र परत आणायला मी वरचा बाण वापरतो. ओके दाबलं तर काही अ‍ॅपमध्ये गाणं थांबतं आणि डावा-उजवा बाण दाबला तर ते मागेपुढे सरकतं.

आईची सकाळ: पायरीपायरीने

आमची मांडणी अशी होती: त्रेचाळीस इंची एलईडी टीव्ही, एचडीएमआय तारेने जोडलेला फ्री डिशचा बॉक्स आणि दोघांचे दोन वेगळे रिमोट.

पहिली पायरी बॉक्सची. फ्री डिशच्या रिमोटवर TV/Radio असं एक बटण असतं. ते दाबलं की टीव्हीच्या वाहिन्यांची यादी जाते आणि रेडिओची येते. विविधभारती आणि आकाशवाणीच्या वेगवेगळ्या भाषांतल्या वाहिन्या त्या यादीत असतात. यादी रिकामी दिसली तर बॉक्समध्ये वाहिन्या पुन्हा शोधाव्या लागतात आणि शोधताना फक्त टीव्हीच्या वाहिन्या निवडलेल्या नाहीत ना, हे बघावं लागतं. आईला हव्या असलेल्या दोन वाहिन्यांचे क्रमांक मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. पडदा बंद असताना यादी दिसत नाही, क्रमांकच कामाला येतो.

दुसरी पायरी टीव्हीची. आवाज बेताचा लावून घेतला आणि मग पडदा बंद केला. हाच क्रम ठेवा.

तिसरी पायरी रिमोट वेगळे करण्याची. पडदा बंद झाल्यावर टीव्हीचा रिमोट बाजूला ठेवायचा आणि वाहिनी बदलायला फक्त बॉक्सचा वापरायचा. बॉक्सचा रिमोट टीव्हीला कळत नाही, त्यामुळे वाहिनी बदलली तरी पडदा बंदच राहतो. एकच रिमोट दोन्ही चालवत असेल, तर मात्र प्रत्येक क्रमांकाला पडदा उजळण्याची शक्यता असते. मी बॉक्सच्या रिमोटला लाल रबर गुंडाळलं आणि आईला एवढंच सांगितलं, की सकाळी लाल रबरवाल्यालाच हात लावायचा.

चार दिवस हे छान चाललं. पाचव्या दिवशी तिचा फोन आला, "अरे, गाणी मधेच बंद पडली आणि टीव्ही लागतच नाही." टीव्ही बिघडला नव्हता. बऱ्याच टीव्हींत चार तास कोणी रिमोट दाबला नाही, तर घरात कोणी नाही असं समजून तो आपोआप बंद होण्याची सोय असते. आई सकाळभर बॉक्सचाच रिमोट वापरत होती, टीव्हीच्या दृष्टीने चार तास कोणी हललेलंच नव्हतं. वीज आणि वेळ यांच्या मेनूत Auto Power Off, Idle TV Standby किंवा तत्सम नावाने ही सोय सापडते. ती बंद केली की प्रश्न मिटतो. ती बंद करता येत नसेल, तर मधे एकदा टीव्हीच्या रिमोटने आवाज एक घर कमी करून पुन्हा वाढवायचा. पडदा उजळत नाही आणि टीव्हीचं घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. काही बॉक्सनाही अशी स्वतःची सोय असते, ती बॉक्सच्या मेनूत वेगळी बघावी लागते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. जोराच्या सरीत छत्रीकडे येणारा सिग्नल क्षीण होतो आणि आवाज तुटतो किंवा थांबतो. पडदा बंद असल्यामुळे बॉक्सने लिहिलेला No Signal हा निरोप दिसत नाही आणि काहीतरी बिघडलं असं वाटतं. अशा वेळी टीव्हीच्या रिमोटचा वरचा बाण दाबून एकदा पडदा बघायचा. निरोप दिसला तर पाऊस ओसरेपर्यंत थांबण्याखेरीज काही करायचं नसतं.

खरंच बंद झाला का, हे मीटर सांगतो

पडदा खरोखर बंद झाला की नुसता काळा झाला, हे ओळखायची सोपी पद्धत म्हणजे खोलीत पूर्ण अंधार करून दोन मिनिटं डोळे स्थिरावू द्यायचे. काच राखाडी चमकत असेल तर बॅकलाइट चालू आहे. आकड्यात खात्री हवी असेल, तर घराच्या वीजमीटरवर बघा.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी imp/kWh असं छापलेलं असतं. आमच्या मीटरवर 3200 आहे, म्हणजे एक युनिट संपायला तो 3200 वेळा लुकलुकतो. यावरून हिशेब असा, की 1125 या आकड्याला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणी किती वॉट लागत आहेत ते कळतं. तुमच्या मीटरवर 1600 असेल तर 1125 ऐवजी 2250 घ्या.

मोजण्यापूर्वी फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर आणि चार्जर बंद करायला हवेत. इन्व्हर्टर विसरला जातो आणि बॅटरी भरत असेल तर सगळा हिशेब बिघडवतो. मी टीव्ही आणि बॉक्स एवढेच चालू ठेवले. पडदा चालू असताना दहा लुकलुकींना 150 सेकंद लागले, म्हणजे एका फेरीला 15 सेकंद, म्हणजे 75 वॉट. पडदा बंद केल्यावर पाच लुकलुकींना 225 सेकंद लागले, म्हणजे एका फेरीला 45 सेकंद आणि 25 वॉट. उरलेल्या पंचवीसमध्ये बॉक्सही आहे. आई रोज चार तास ऐकते, त्यामुळे दिवसाला 200 वॉट-तास आणि तीस दिवसांत सहा युनिट वाचतात. बिलात त्याने मोठा फरक पडत नाही, पण पडदा खरोखर बंद होतो याचा पुरावा मिळतो. सेकंदांत काहीच फरक पडला नाही, तर तुमच्या टीव्हीने फक्त काळं चित्र लावलं आहे असं समजा.

प्ले स्टोअरवर पडदा बंद करून देतो म्हणणारी अ‍ॅप मिळतात. बाहेरून घेतलेल्या अशा अ‍ॅपला सहसा बॅकलाइटच्या पट्ट्यांपर्यंत पोचता येत नाही, ते काळं चित्र समोर धरतं. उजेड थोडा कमी होतो, वीज जवळपास तेवढीच लागते. त्यापेक्षा चित्राच्या मेनूत Backlight शून्यावर नेणं बरं. तेही पूर्ण बंद करणं नव्हे, पण निदान पट्ट्या मंद होतात.

टीव्हीत सोयच नसेल तर

रेडिओसाठी टीव्हीची गरजच नाही, ही गोष्ट फ्री डिश घेतलेल्या पुष्कळ लोकांना सुचत नाही. बॉक्सच्या पाठीमागे पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या रंगाची भोकं असतात किंवा तिन्हीचं काम करणारं एक छोटं गोल भोक असतं. पिवळं चित्राचं, लाल आणि पांढरं आवाजाचं. लाल-पांढरी तार जुन्या होम थिएटरच्या किंवा स्पीकरच्या AUX मध्ये लावली, की टीव्ही भिंतीवरच्या बटणाने पूर्ण बंद ठेवूनही रेडिओ वाजतो. त्यासाठी आधी एकदा टीव्ही लावून बॉक्स रेडिओच्या यादीत आणि हव्या त्या वाहिनीवर आणून ठेवायचा. बहुतेक बॉक्स पुन्हा चालू केल्यावर शेवटच्या वाहिनीवरच उघडतात. बॉक्समधून आवाज इतका बारीक येतो की स्पीकर फुल करावा लागतो असं झालं, तर बॉक्सच्या रिमोटने बॉक्सचा आवाज आधी वाढवा. बॉक्स आणि स्पीकर यांचे आवाज वेगवेगळे असतात.

खासगी डीटीएचचा बॉक्स असेल आणि टीव्ही बंद केला की बॉक्सही बंद पडत असेल, तर एचडीएमआय तारेतून दोघं एकमेकांना आज्ञा देत आहेत. ती सोय टीव्हीच्या मेनूत बंद करता येते. सोनीत तिचं नाव Bravia Sync, एलजीत Simplink आणि सॅमसंगमध्ये Anynet+. साउंडबार टीव्हीमार्फत जोडलेला असेल तर मात्र ती बंद करण्याआधी विचार करा, कारण साउंडबारचं आपोआप लागणंही तिच्यावरच चालतं.

यूट्यूबवरची गाणी आणि डेटा

दुपारी आई यूट्यूबवर अभंग लावते. तिथे पडदा बंद केला तरी चित्र उतरवलं जातच असतं, हे वर लिहिलंच आहे. घरी फायबर असेल तर फरक पडत नाही. पण गावाकडे फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा दिवसाचा डेटा तासाभरात संपू शकतो. गाणं चालू असताना दातेरी चाकाच्या चिन्हातून Quality उघडून सगळ्यात खालचा आकडा, बहुधा 144p, निवडायचा आणि मगच पडदा बंद करायचा. तुलनेसाठी सांगतो: 128 केबीपीएसने येणाऱ्या नुसत्या आवाजाला तासाला सुमारे 58 एमबी लागतात. म्हणून फक्त आवाज पाठवणारं संगीताचं अ‍ॅप टीव्हीवर असेल, तर हॉटस्पॉटवर तेच लावा.

यूट्यूब बराच वेळ कोणी काही दाबलं नाही तर तुम्ही अजून बघताय का असं विचारून थांबतं. पडदा बंद असताना तो प्रश्न दिसत नाही, फक्त शांतता होते. वरचा बाण दाबून पडदा उजळायचा आणि हो म्हणायचं.

आवाज आहे, चित्र नाही, आणि बटण दाबूनही येत नाही

ही सोय वापरणाऱ्या घरात कधीतरी हा प्रसंग येतोच. आधी टीव्हीचाच रिमोट हातात आहे ना, हे बघा. मग त्याचे सेल बदला. तरी चित्र आलं नाही तर टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करून मिनिटभराने लावा. वीज गेली की पडदा बंद ठेवण्याची आज्ञा सहसा पुसली जाते.

तरीही फक्त आवाजच येत असेल, तर खोलीत अंधार करा आणि फोनचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरका धरा. टॉर्चच्या गोलात चित्राची पुसट सावली हलताना दिसली, तर काच आणि बोर्ड ठीक आहेत आणि बॅकलाइटच्या पट्ट्या किंवा त्यांचा वीजपुरवठा गेला आहे. हा बिघाड नेहमीचा आहे आणि पट्ट्या बदलता येतात. दुरुस्तीला बोलावताना "टॉर्च मारल्यावर चित्र दिसतं" एवढं वाक्य फोनवर आधीच सांगा, म्हणजे येणारा माणूस तुमच्या मॉडेलच्या पट्ट्या घेऊनच येईल आणि पूर्ण पॅनेल बदलण्याचा खर्च तुमच्या गळ्यात पडणार नाही. पुसट सावलीही दिसली नाही तर दोष दुसरीकडे आहे, तो उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

आईचे डोळे आता बरे आहेत, टीव्हीही ती बघते. पण सकाळचा पडदा अजून बंदच असतो. भिंतीवरचा क्रमांकांचा कागद गेल्या महिन्यात फाटला, तेव्हा तिने तो स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून लावला आणि त्यात तिसरी एक वाहिनी वाढवली.